तुम्ही विचारलंत म्हणून: वार्षिक शुल्काचा हिशेब

“आम्ही महिन्याला एखाद-दोनदाच काही मागवतो, तर फ्री डिलिव्हरीचं वर्षाचं सभासदत्व घेणं परवडेल का?”

बहुतेकांना परवडत नाही, असे मी स्वतःच्या हिशेबावरून सांगतो. अ‍ॅमेझॉन प्राइम 2016 मध्ये भारतात आले, तेव्हा त्याचे वार्षिक शुल्क सवलतीत 499 रुपये होते. डिसेंबर 2021 पासून ते 1499 झाले. मी सभासद नव्हतो तेव्हा 499 रुपयांखालच्या माझ्या ऑर्डरीवर घरपोच आणण्याचे 40 रुपये लागत आणि त्यावरची ऑर्डर विनाशुल्क येई. म्हणजे 1499 रुपये वसूल होण्यासाठी वर्षाला 38 लहान ऑर्डरी हव्यात. इथे सगळ्या ऑर्डरी मोजण्याची चूक होते, कारण मोठी ऑर्डर सभासदत्वाशिवायही फुकटच आली असती.

मी सभासदत्वापूर्वीच्या वर्षातील ऑर्डरींची यादी उघडून बसलो. एकूण 22 ऑर्डरी होत्या, त्यांपैकी 13 मर्यादेच्या वर होत्या. उरलेल्या नऊपैकी पाच अशा होत्या, की आठवडाभर थांबून दुसऱ्या वस्तूंबरोबर मागवता आल्या असत्या; पेनाच्या रिफिली आणि मिक्सरच्या भांड्याचे रबर यांना घाई नव्हती. खरी निकड चारच वेळा होती, म्हणजे वाचले असते 160 रुपये.

सभासद झाल्यानंतरचे वर्ष मात्र या मोजणीला धरू नये. शुल्क एकदा भरले की थांबण्याचे कारण उरत नाही, शंभर रुपयांची वस्तूही एकटीच मागवली जाते, आणि अशा प्रत्येक ऑर्डरीमागे 40 रुपये वाचल्याचे आपण धरतो, जे एरवी खर्चच झाले नसते. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मोजावी: सभासद नसताना 430 रुपयांची ऑर्डर मर्यादेपर्यंत नेण्यासाठी नको असलेली 90 रुपयांची वस्तू घेतली असेल, तर 40 वाचवण्यासाठी 90 गेले.

सभासदत्वाबरोबर मिळणाऱ्या चित्रपट आणि मालिकांची किंमत, त्या तुम्ही वेगळे पैसे देऊन पाहिल्या असत्या तरच, शुल्कातून वजा करा. माझ्या आईसाठी तशी वजाबाकी योग्य ठरली, कारण ती रोज पाहते. लवकर पोहोचण्यालाही काही मोल आहे, पण ते आजाऱ्याच्या घरी जितके असते तितके माझ्या घरी नाही. महिन्याची 299 रुपयांची योजना दिवाळीपुरती घेणाऱ्यांनीही आधी त्या एका महिन्यात आठ लहान ऑर्डरी होतील का ते पाहावे, आणि ती चालू राहू देऊ नये, कारण बारा महिन्यांचे 3588 रुपये होतात.

शुल्क आपोआप कापण्याची परवानगी दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. मी ती आली, की पुन्हा वर्षाची यादी उघडतो.