लोड वाढला की ट्रिप होणारा ट्रान्सफॉर्मर

नवीन ६६/११ केव्ही, २० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सकाळी चार्ज केला, इनरशला रिले गप्प राहिला, दुपारपर्यंत सगळं छान. संध्याकाळी लोड वाढत चाळीस टक्क्याला पोचला आणि डिफरन्शियलवर ट्रिप. बुखोल्झ शांत, मेगर आणि रेशो टेस्ट चांगल्या, तरी सगळ्यांच्या तोंडी एकच, वाइंडिंग गेलं.

मी रिलेचं रेकॉर्ड उघडलं. तिन्ही फेजचा डिफरन्शियल करंट सारखाच, ०.२१ पीयू, सेकंड हार्मोनिक जवळजवळ नाही. आतला फॉल्ट तिन्ही फेजला इतका सारखा सहसा नसतो, म्हणून मी सेटिंगकडे वळलो.

आधी सीटी रेशो बघितला. फुल लोडला एचव्हीला १७५ अँपिअर, सीटी २००/१, म्हणजे सेकंडरीत ०.८७५. एलव्हीला १०५०, सीटी १५००/१, म्हणजे ०.७०. हे दोन आकडे थेट वजा केले तर काही बिघाड नसतानाही फरक दिसणारच, म्हणून रिले प्रत्येक बाजूला आपापल्या फुल लोड करंटने भागून दोन्हीकडे १ करतो. ते बरोबर होतं, दोन्ही बाजू ०.४० दाखवत होत्या.

मग अँगल बघितला. करेक्शननंतर दोन्ही बाजूंत १८० अंश हवेत, होते १५०. ट्रान्सफॉर्मर डीवायएन ११, म्हणजे एलव्ही ३० अंश पुढे, आणि सेटिंगमध्ये ग्रुप ० पडलेला, कारण फाइल शेजारच्या स्टार-स्टार ट्रान्सफॉर्मरवरून कॉपी झाली होती. ३० अंशाच्या चुकीने लोडच्या ५२ टक्के खोटा डिफरन्शियल तयार होतो (२ × साइन १५). पिकअप ०.२ होता, म्हणून लोड ३९ टक्क्याच्या खाली असेपर्यंत काहीच दिसलं नाही, वर गेला की ट्रिप.

कोणीतरी म्हणालं पिकअप ०.५ करा, चालेल. मी नाही म्हटलं. स्लोप ३० टक्के असतो तो टॅप चेंजरमुळे रेशो हलतो त्यासाठी आणि सीटीच्या चुकीसाठी, आणि थ्रू करंट वाढला की ही चूक अँपिअरमध्ये वाढते म्हणून रेषा तिरकी असते. ५२ टक्के त्या रेषेच्या वरच राहणार, मग लोड आणखी वाढला किंवा बाहेर फॉल्ट झाला की पुन्हा ट्रिप. आणि खऱ्या वाइंडिंग फॉल्टला रिले आंधळा होईल ते वेगळंच.

एलव्हीला ग्रुप ११ टाकला. आता रिले आर फेजमधून बी फेज वजा करून १.७३२ ने भागतो, त्यात ३० अंश मागे येतात आणि झिरो सीक्वेन्सही निघून जातो, नाहीतर ११ केव्हीवर बाहेर अर्थ फॉल्ट झाला तर स्टार बाजूला तो करंट दिसतो पण डेल्टाच्या लाइनला दिसत नाही, आणि तोही चुकीची ट्रिप देतो.

पुन्हा चार्ज केलं, चाळीस टक्के लोडला डिफरन्शियल ०.०२ आणि अँगल १८०. आता सेकंडरी इंजेक्शन झालं तरी मी लोडवर हे दोन आकडे बघून लिहून घेतल्याशिवाय साइट सोडत नाही.