रविवारची संध्याकाळ आणि रजेचा अर्ज

मी लातूरची. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आले, हॉस्टेलला राहिले. पहिले दोन आठवडे धावपळीत गेले. तिसऱ्या आठवड्यात घराची इतकी आठवण यायला लागली की घास उतरेना. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं आणि सोमवारी रजेचा अर्ज घेतला.

त्या अर्जाचा राग अजून गेलेला नाही. त्यावर बाबांचं संमतीपत्र, स्थानिक पालकाची सही आणि शेवटी रेक्टर मॅडमची सही लागते. ऑफिस उघडं संध्याकाळी पाच ते सहा, आणि आमचं प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला. मंगळवारी कळलं, आत्याची सही हवी. बुधवारी बसने हडपसरला जाऊन ती आणली. गुरुवारी मॅडम मीटिंगमध्ये. शुक्रवारी त्यांनी फाईल काढली आणि म्हणाल्या, "वडिलांची सही जुळत नाही." प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांनी इंग्रजीत सही केली होती, पत्रावर मराठीत. मी बाबांना फोन लावून दिला, तरी ऐकलं नाही. तिकीट रद्द केलं. म्हणून सांगते, प्रवेशाच्या दिवशीच वडिलांना सांगा, सगळीकडे एकच सही करा, आणि रजेचे नियम तेव्हाच वाचून घ्या.

तो रविवार सगळ्यात वाईट गेला. रविवारी रात्री आमची मेस बंद असते, जवळपासच्या मुली घरी गेलेल्या, कॉरिडॉर रिकामा. सहा वाजता आईला फोन केला. मी रडले, तीही रडली आणि दोघी रात्रभर जाग्या. दुसऱ्या दिवशी बाबांनीच ठरवलं, फोन रोज रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं. याचा खरंच उपयोग झाला. पोटात अन्न असलं आणि दिवस संपत आलेला असला की बोलणं रडण्याकडे जात नाही, आणि दिवसभर हात फोनकडे जायचा थांबतो.

रविवारसाठी मी शेजारच्या खोलीतल्या बीडच्या मुलीला विचारलं. तीही एकटीच पडून होती. आता दुपारी कपडे धुतो, सहाला बाहेर पडतो, चालत जाऊन थालीपीठ खातो. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी मेसमध्ये सगळ्यांना वाढते. त्या डब्यामुळेच जेवायला ठरलेलं टेबल मिळालं.

आणखी एक राहिलं. माझी झोप आठवड्याभरात सुधारली. पण आमच्या मजल्यावरची एक मुलगी महिनाभर नीट जेवत-झोपत नव्हती, लेक्चरलाही जाईना. ती नुसती घरची आठवण नव्हती. तिला आम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावून दिला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंतर ती कॉलेजच्या समुपदेशकांकडेही गेली.

मी घरी गेले ती थेट दिवाळीत. अर्ज पंधरा दिवस आधी दिला होता.