सोसायटीचं सोलर : विक्रेत्याचे पावणेतीन वर्षं, आमचे चार

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, त्याच वर्षी गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून सामायिक मीटरवर महिन्याला सरासरी 700 युनिट जळायचे, बिल साडेनऊ हजारांच्या आसपास यायचं.

विक्रेता म्हणाला, "दहा किलोवॅट लावा, बिल शून्य." मी वर्षभराची बिलं काढून बसलो. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. त्यामुळे सोलर आधी वाचवतं ते शेवटचे, सगळ्यात महाग युनिट. आपल्या वापरापलीकडे वीज बनली, तर नेट मीटरिंगमध्ये ती पुढच्या बिलात जमा होते आणि आर्थिक वर्षाअखेर उरलेली फार कमी दराने विकत घेतली जाते. म्हणजे वरच्या चार किलोवॅटवर टाकलेला पैसा जवळपास पडूनच राहिला असता. आम्ही सहावर थांबलो.

गच्चीवर वाळवणं घालायची जागा हवीच होती, म्हणून उंच सांगाडा घेतला. सगळं मिळून खर्च 4 लाख 20 हजार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18 हजार, म्हणून 1 लाख 8 हजार अनुदान मिळालं, पण ते यंत्रणा सुरू झाल्यावर. तोवर पूर्ण रक्कम सोसायटीनेच भरली. निव्वळ खर्च 3 लाख 12 हजार.

विक्रेत्याने सगळं बिल वाचणार असं धरून पावणेतीन वर्षांत वसुली सांगितली होती. पहिल्या वर्षी वीज बनली 7,600 युनिट. स्थिर आकार आणि उरलेले युनिट धरून बिल दीड हजार तरी येतंच, म्हणजे बचत वर्षाला 96 हजार. त्यातून धुण्याचे 12 हजार आणि पुढेमागे इन्व्हर्टर बदलावा लागेल म्हणून बाजूला टाकलेले 8 हजार वजा केले की उरतात 76 हजार. वसुलीला चार वर्षं.

एप्रिलमध्ये रोजचे 24 युनिट 19 वर आले. मला वाटलं, नागपूरचं ऊन म्हणजे सोलरची चंगळ! पण पॅनल तापलं की वीज कमीच बनते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के घट. तरी सगळा दोष उन्हाचा नव्हता. उन्हाची घट दुपारी दिसते, सकाळी आलेख नीट चढतो. आमचा तर सकाळपासूनच दबलेला होता. पॅनल धुतल्यावर दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात 22 युनिट आले, म्हणजे मुख्य दोष धुळीचाच.

आता पंधरा दिवसांनी पहाटे धुतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. बोअरचं पाणी वापरून पाहिलं तर पांढरे डाग पडले, म्हणून आता नळाचंच. वॉचमन रोज इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहितो. तेवढ्यावरून संध्याकाळी पाण्याच्या टाकीची सावली एका रांगेवर पडते, हेही आम्हाला कळलं. ती रांग सरकवायचा खर्च पुढच्या सभेत मांडणार आहे. पाटीलकाका विरोध करणार, हे ठरलेलंच आहे.