तुम्ही विचारलंत म्हणून: ७.३६ की ७.९९?

"हाताने काढलेलं उत्तर आणि स्पाइसचं उत्तर जुळत नाहीये, मग चूक कुणाची धरायची?"

बहुतेक वेळा कुणाचीच नाही, ना हाताची, ना स्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमची. दोघांनी वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरची गणितं केलेली असतात आणि उत्तरं एकच यावीत अशी आपली अपेक्षा असते, बस. पूर्वी मला हे कुणी विचारलं की मी "मॉडेल बघ आधी" एवढंच बोलून मोकळी व्हायचे, समोरचा मॉडेल उघडून बघायचा, त्याला त्यातलं काही कळायचं नाही आणि तो परत यायचा. म्हणून एकदाच सगळं सांगते, एकाच सर्किटवर, ज्यावरून मी एका मीटिंगमध्ये भरपूर ऐकून घेतलंय.

सर्किट अगदी साधं. १२ व्होल्ट सप्लाय, बेसला ४७के आणि १०केचा डिव्हायडर, एमिटरला १के, कलेक्टरला ३.३के. हाताने करायचं तर डिव्हायडरवर २.१ व्होल्ट, त्यातून बेस-एमिटरचे ०.७ गेले की एमिटरवर १.४, म्हणजे १.४ मिलीअँपिअर, ३.३केवर ४.६४ व्होल्ट पडतात आणि कलेक्टर ७.३६ व्होल्टवर बसतो. चहा निवायच्या आत होणारं काम आहे हे.

मीटिंगमध्ये सिम्युलेशन मोठ्या स्क्रीनवर लावलेलं होतं आणि तिथे कलेक्टर ७.९९ दाखवत होता. आमचे एक सिनियर होते, नाव नको, त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हाताची गणितं कॉलेजात ठीक असतात." कुणीतरी हसलं. मी विचारलं की यात ट्रान्झिस्टर कुठला घेतलाय, तर उत्तर आलं "एनपीएन". अहो एनपीएन हा पार्ट नंबर आहे का? पण तेव्हा मला तेवढं तोंड वर करून बोलता आलं नाही, मी गप्प बसले आणि मिनिट्समध्ये "हँड कॅल्क्युलेशन सुधारणे" असा मुद्दा माझ्या नावावर लागला.

नेटलिस्ट ही अशी होती:

```
* bias check
VCC vcc 0 12
R1 vcc b 47k
R2 b 0 10k
RC vcc c 3.3k
RE e 0 1k
Q1 c b e QX
.model QX NPN
.op
.end
```

(पहिली ओळ स्पाइस शीर्षक म्हणून सोडून देतो, तिथे चुकून `VCC` लिहिलंत तर सप्लायच गायब. हेही एक कारण असतं, पण ते लगेच लक्षात येतं, कारण सगळीकडे शून्य दिसतं.)

गोम `.model QX NPN` या ओळीत आहे. पुढे कंसात काहीच दिलेलं नाही, म्हणजे स्पाइस स्वतःचे डिफॉल्ट आकडे घेतो: `IS` 1e-16 आणि `BF` 100. एलटीस्पाइसमध्ये नुसता एनपीएनचा सिम्बॉल टाकून पार्ट निवडला नाही तरी हेच होतं. आता `IS` म्हणजे सॅच्युरेशन करंट, तो जितका लहान तितकं जास्त व्होल्टेज बेस-एमिटरला द्यावं लागतं. 1e-16 घेऊन १.२ मिलीअँपिअर हवा असेल तर `VT*ln(IC/IS)` करून बघा, `VT` म्हणजे थर्मल व्होल्टेज, २५.९ मिलीव्होल्ट, ०.७८ व्होल्ट येतात. म्हणजे त्या स्क्रीनवरच्या ट्रान्झिस्टरचा व्हीबीई ०.७ नव्हताच. वर `BF`, म्हणजे बीटा, कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट तो आकडा, १००, म्हणजे बेसला साधारण १२ मायक्रोअँपिअर, आणि तो करंट डिव्हायडरच्या ८.२५के समांतर रेझिस्टन्समधून येतो, त्यात आणखी ०.१ व्होल्ट गेले. एमिटरवर १.४ च्या जागी १.२३ उरले. त्यावरून कलेक्टर काढा, ७.९९ येतात. दुसऱ्या दशांशापर्यंत, हाताने! म्हणजे हाताचं गणित आणि स्पाइस यांच्यात भांडण नव्हतंच, मी ज्या ट्रान्झिस्टरचं गणित केलं तो त्या फाइलमध्ये नव्हता.

म्हणून मी आता उलट्या बाजूने सुरुवात करते. आधी स्पाइसला माझ्या गृहीतकांवर आणते. ती ओळ अशी करायची:

```
.model QX NPN(IS=2.5e-15 BF=1e6)
```

हा `IS` मुद्दाम असा काढलाय की १.४ मिलीअँपिअरला व्हीबीई बरोबर ०.७ यावा, आणि बीटा इतका मोठा की बेस करंट विसरून जायचा. आता ७.३६ आलेच पाहिजेत. नाही आले तर मॉडेलवर खापर फोडू नका, सर्किट टाइप करताना काहीतरी झालंय: पिनचा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर नाहीये, नाहीतर कुठेतरी मेगोहमसाठी `1M` लिहिलंय. स्पाइसला `M` म्हणजे मिली, मोठं लिहा की लहान लिहा त्याला फरक पडत नाही, मेगा हवा असेल तर `1Meg` लिहायचं. ७.३६ आले की मग एकेक गृहीतक सोडायचं, एका वेळी एकच, आणि दर वेळी आकडा किती हलला ते वहीत लिहायचं. सगळं एकदम सोडलं तर काय होतं ते आता सांगते.

बोर्ड आला. मी मीटर लावला, कलेक्टरवर ७.४ च्या आसपास. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला, तो आकडा त्या सिनियरांच्या टेबलवर नेऊन ठेवावा असं वाटलं. आणि बरीच वर्षं मी ही गोष्ट "बघा, हाताचं गणित जिंकलं" अशीच सांगत आले.

पण त्यात काही जिंकलेलं नव्हतं. खऱ्या ट्रान्झिस्टरच्या जवळ जाणारं मॉडेल घ्या, `IS=1e-14`, `BF=200`, `VAF=100`. स्पाइस ७.४४ देतो. माझ्या ७.३६ पासून जेमतेम एक टक्का लांब, कुणीही म्हणेल जुळलं. आता फोडून बघा. व्हीबीई ०.७ नाही, ०.६६ आहे, एवढीच दुरुस्ती केली तर एमिटर करंट वाढतो आणि कलेक्टर ७.२४ वर येतो. ती न करता फक्त बेस करंट धरला तर कलेक्टर वर जातो, ७.५६. एक चूक खाली ओढते, दुसरी वर ओढते, आणि उत्तर मधे बसतं. म्हणजे माझं गणित बरोबर दिसत होतं ते डिव्हायडर ४७के-१०केचा होता म्हणून. तोच दहापट मोठा असता तर बेस करंटची चूक व्हीबीईच्या चुकीला गिळून टाकून कितीतरी पुढे गेली असती. तर हाताचं आणि स्पाइसचं जुळलं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनाही माझा एवढाच प्रश्न असतो: का जुळलं, हे सांगता येतंय का?

आणि मीटर? बोर्डावरचे रेझिस्टर पाच टक्क्यांचे होते. सगळे एकाच वाईट बाजूला गेले तर ०.७ धरूनसुद्धा कलेक्टर ८.३ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ७.९९ ही त्याच पट्ट्यात आहे, ७.४ मोजून मी त्यांना खोटं ठरवलंच नव्हतं. मोजायचं होतं ते बेस आणि एमिटरच्या मधलं व्होल्टेज. करंट दहा टक्के बदलला तरी व्हीबीई फक्त अडीच मिलीव्होल्ट हलतो, त्यामुळे रेझिस्टर कसेही असोत, ०.६६ आणि ०.७८ यातला फरक लपू शकत नाही. ते मी खूप नंतर मोजलं, ०.६६ आलं, आणि तोवर ती मीटिंग कुणाच्या लक्षातही नव्हती.

आता गेनचं, कारण त्यावरून पण विचारता. एमिटरला १०० मायक्रोफॅरडचा बायपास लावला की हाताने ३३०० भागिले १७.८, म्हणजे १८५; १७.८ हा एमिटरचा आतला रेझिस्टन्स, २५ मिलीव्होल्ट भागिले एमिटर करंट. वरच्याच मॉडेलवर `.ac` केलं तर १० किलोहर्ट्झला १६९ येतात. इथे तीन छोट्या गोष्टी एकाच दिशेने साचतात. १७.८ काढताना २५ मिलीव्होल्ट धरलेले असतात, तो आकडा १७ अंश सेल्सिअसचा आहे, स्पाइस डिफॉल्ट २७ अंशांवर चालतो आणि तिथे तो २५.९ होतो: साडेतीन टक्के तिथे गेले. `VAF` मुळे, म्हणजे अर्ली व्होल्टेजमुळे, ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ७६के च्या आसपास, तो ३.३केला समांतर, आणखी चार टक्के. उरलेले दीडएक टक्के करंट थोडा कमी आहे म्हणून. गुणून बघा, १६९ च येतात. बायसमध्ये चुका एकमेकींना खात होत्या, इथे एकमेकींवर चढतात, आणि लोक नेमकं उलटं समजतात की बायस बरोबर आलाय म्हणजे गेनमध्येच काहीतरी बिघडलंय.

याच्यावर एक हमखास प्रश्न: `AC 1` दिलं तर आउटपुट १६९ व्होल्ट दाखवतो, १२ व्होल्टच्या सप्लायवर कसं काय? कारण `.ac` बायस पॉइंटभोवती सर्किट सरळ रेषेचं करून टाकतो, त्याला सप्लाय किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तो आकडा गुणोत्तर म्हणून वाचायचा. तोच गेन `.tran` मध्ये बघायचा असेल तर इनपुट एक-दोन मिलीव्होल्टचा ठेवा, कारण १० मिलीव्होल्ट दिले तरी करंटचा एक अर्धा भाग ४७ टक्क्यांनी वाढतो आणि दुसरा ३२ टक्क्यांनीच घटतो, मग त्या वाकड्या लाटेवरून गेन मोजून परत मलाच विचारायला येता.

एवढं सगळं करूनही बीटा किती धरायचा यावर माझं स्वतःशीच जमत नाही. मॉडेलमधला `BF` हा एकच आकडा असतो आणि एकाच पार्टचा बीटा डेटाशीटमध्ये १०० ते ३०० असा दिलेला असतो. बाकी सगळं तेच ठेवून हे दोन टोकाचे आकडे घातले तर कलेक्टर ७.६२ पासून ७.३७ पर्यंत फिरतो. पूर्वी मी म्हणायचे सरळ कमीतला कमी घ्या, सुरक्षित राहा, आता वाटतं की मग आपण नसलेल्याच ट्रान्झिस्टरचं गणित करतो, म्हणजे मीटिंगमधला तोच आक्षेप माझ्यावर. सध्या दोन्ही टोकं चालवून बघते, आणि कुणी "एकच आकडा सांगा" म्हटलं की चिडते.