साडेपाचशे वॅट, पण बसवायचे कुठे?

गिऱ्हाईक सगळी खरेदी उरकूनच आलं होतं. ब्रँडेड कंपनीचा चपटा डेस्कटॉप, पीसीला वीज पुरवणारा ५५० वॅटचा नवा एसएमपीएस आणि दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. "दादा, फक्त बसवून द्या, गेम खेळायचेत."

कार्डाचा निकाल मोजपट्टी लावताच लागला. त्याची मागची पट्टी बारा सेंटिमीटर उंच, कॅबिनेटमध्ये जागा जेमतेम आठची. शिवाय कार्ड दोन स्लॉट अडवणारं आणि शेजारी लगेच एसएमपीएसची भिंत.

खरी गोम वीजपुरवठ्यात होती. मूळचा एसएमपीएस २४० वॅटचा, आणि त्याच्या लेबलवर १२ व्होल्टशिवाय दुसरा आकडाच नाही. ५ आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कची वायरही बोर्डातूनच निघते. चोवीस पिनांच्या जागी सहा पिनांचं सॉकेट, म्हणजे नवा एसएमपीएस सरळ जोडताच येत नव्हता.

"कन्व्हर्टर मिळतो की!" मिळतो, पण नुसत्या वायरी जोडलेला कामाचा नाही. पीसी बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज लागते. साधा एसएमपीएस ती ५ व्होल्टवर देतो, या बोर्डाला १२ हवी. ५ चे १२ व्होल्ट करणारं सर्किट कन्व्हर्टरमध्ये नसेल, तर बटण दाबून काहीच होत नाही. आणि तेही जमवलं, तरी नव्या एसएमपीएसचा ठोकळा पेटीबाहेर टेबलावर ठेवावा लागणार.

मग त्याने मोठ्या कॅबिनेटची कल्पना काढली. पण पॉवर बटणाची पिन कंपनीची स्वतःची, इतर कॅबिनेटला न जुळणारी, आणि पंख्याचीही तशीच. मूळ पंखा जोडलेला दिसला नाही, तर असे बोर्ड सुरू होतानाच एरर दाखवून अडून बसतात. मी ठाम नकार दिला.

म्हणजे एकच स्लॉट घेणारं, कमी उंचीचं लो-प्रोफाइल आणि वेगळी पॉवर वायर न मागणारं कार्ड शोधायचं. त्याने लगेच आरएक्स ६४०० सुचवलं. ते ५३ वॅटचं. नियमानुसार असा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, पण सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या बोर्डासाठी मर्यादा ५० लिहिली होती. "तीन वॅटनं काय होतंय?" कदाचित काहीच नाही, किंवा ऐन खेळात स्क्रीन काळी. शिवाय ते कार्ड बोर्डाशी डेटाची ने-आण करायला चारच लेन वापरतं, आणि हा बोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.०चा, तिथे त्या लेनचा वेग निम्म्यावर येतो.

शेवटी एनव्हिडियाचं टी१००० ठरलं: बरोबर ५० वॅट, सोळा लेन, एक स्लॉट. हे खरं तर डिझाइनच्या कामाचं कार्ड, पण बेताच्या सेटिंगवर गेम चालवतं. बसवून प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम लोड दिला. वीज कमी पडली तर पीसी हळू होत नाही, एकदम बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. तसं काही झालं नाही. पंखा मात्र चांगलाच ओरडत होता.

कार्डावर फक्त मिनी डिस्प्लेपोर्ट आणि त्याचा मॉनिटर एचडीएमआयचा. त्यामुळे एसएमपीएस परत करायला निघालेल्या त्याला येताना अडॅप्टर आणायला सांगितला.