ओपनिंग मीटिंगमधली माझी दोन मिनिटं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, सर्व्हेलन्स ऑडिट होतं. साडेनऊला ओपनिंग मीटिंग सुरू झाली. ऑडिटरांनी व्याप्ती, वेळापत्रक आणि गोपनीयतेचं सांगून झाल्यावर विभागप्रमुखांना ओळख करून द्यायला सांगितलं. हीट ट्रीटमेंट माझ्याकडे आहे. मी साधारण असं बोललो:

“नमस्कार. मशीन शॉपमधून गिअर आमच्याकडे आले की कार्बुरायझिंग, क्वेंचिंग, टेंपरिंग आणि शॉट ब्लास्टिंग होऊन ते ग्राइंडिंगला जाईपर्यंतची जबाबदारी माझी. हार्डनेस आणि केस डेप्थ आम्ही आमच्याच लॅबमध्ये तपासतो. स्टीलचं रासायनिक पृथक्करण बाहेरच्या लॅबमध्ये होतं, ते काम क्वालिटी विभाग बघतो. माझ्याकडे तीन भट्ट्या आहेत. दोन नंबरच्या भट्टीची हीटिंग एलिमेंट गेल्या ऑडिटनंतर बदलली आहेत. तीन नंबरची आज मेंटेनन्ससाठी बंद आहे. मी संध्याकाळी निघाल्यावर शिफ्ट सुपरवायझर निर्णय घेतात. तसा अधिकार त्यांना लेखी दिलेला आहे.”

ओळखीत शिक्षण आणि नोकरीचा इतिहास सांगायची पद्धत आहे, पण ऑडिटरला त्यातून काही हाती लागत नाही. पात्रता तपासायची असेल तर तो ट्रेनिंग रेकॉर्ड मागतोच. त्याला हवी असते विभागाची हद्द: माल कुठून येतो, कुठे जातो आणि मधल्या कशाला कोण उत्तर देणार. बाहेरच्या लॅबचा उल्लेख मी एवढ्यासाठीच केला. त्या लॅबला आयएसओ १७०२५ ची मान्यता, म्हणजे आपल्याकडे बहुधा एनएबीएलची, आहे का आणि आपली चाचणी त्या मान्यतेच्या यादीत बसते का, हा प्रश्न येणारच. तो माझ्या टेबलावर आला असता तर क्वालिटीची फाइल येईपर्यंत सगळे ताटकळत बसले असते.

बदल मात्र आपण होऊन सांगावा, असं माझं ठाम मत आहे. “आमच्याकडे सगळं ओके आहे” म्हणणाऱ्या विभागात ऑडिटर आधी ब्रेकडाऊन रजिस्टर उघडतो, आणि बदल तिथे सापडला की तो लपवला होता असं दिसतं.

एलिमेंट बदलली की भट्टीतली गरम-थंड ठिकाणं सरकू शकतात. कंट्रोल थर्मोकपल, म्हणजे भट्टीचा तापमान मोजणारा सेन्सर, एकाच जागेचं तापमान दाखवतो. पॅनेलवर ९२० अंश बरोबर दिसत असताना मागचा एखादा कोपरा बराच थंड असू शकतो. कार्बन पोलादात किती खोल मुरतो ते तापमानावर ठरतं, म्हणून त्या कोपऱ्यातल्या गिअरची केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची खोली, कमी भरते. नमुना मधल्या थरातून काढला तर ते कळतही नाही. म्हणून मोठ्या दुरुस्तीनंतर उत्पादन सुरू करण्याआधी तापमान समानतेचा सर्व्हे पुन्हा करावा लागतो. आमच्या आकाराच्या भट्टीत त्याला नऊ थर्मोकपल लागतात, आठ कोपऱ्यांत आणि एक मध्यभागी. तापमान स्थिर झाल्यावर किमान अर्धा तास सगळ्यांची नोंद घेतात.

दुपारी ऑडिटर दोन नंबरवर आले. त्यांनी तीन कागद शेजारी-शेजारी ठेवायला सांगितले: दुरुस्तीची नोंद, सर्व्हेचा रिपोर्ट आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या बॅचचा चार्ट. दुरुस्ती ११ जुलैला संपलेली, सर्व्हे १३ चा, पहिली बॅच १४ ची. तारखांचा क्रम बरोबर होता. मग त्यांनी रिपोर्टमधल्या थर्मोकपलचे नंबर कॅलिब्रेशन सर्टिफिकेटशी ताडून बघितले. गडबड असते ती बहुतेक इथेच. रिपोर्ट नीटनेटका असतो, पण वापरलेल्या थर्मोकपलच्या कॅलिब्रेशनची मुदत सर्व्हेच्या दिवसापूर्वीच संपलेली असते. मग अख्खा सर्व्हे ग्राह्य धरता येत नाही आणि त्यानंतरच्या सगळ्या बॅचेसवर प्रश्नचिन्ह लागतं.

ओळखीत मी एक विनंतीही केली होती. भट्टीवरची आमची मुलं सिन्नर-दिंडोरीकडची आहेत. काम त्यांना पक्कं येतं, पण इंग्रजी प्रश्न आला की गप्प होतात, आणि ते गप्प बसणं अज्ञान समजलं जाण्याची भीती असते. म्हणून प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारावेत, असं मी सुचवलं. ऑडिटची भाषा ओपनिंग मीटिंगमध्येच ठरवायची असते, त्यामुळे ते लगेच मान्य झालं. सोबतच्या माणसाने फक्त भाषांतर करायचं, उत्तर द्यायचं नाही, असंही ठरलं.

दोन नंबरवर ऑडिटरांनी ऑपरेटरला हिंदीत विचारलं, “क्वेंच ऑइलचं तापमान वाढलं तर काय करता?” त्याने मराठीत सांगितलं, “बॅच सोडत नाही. कूलर बघतो, सुपरवायझर साहेबांना बोलावतो आणि लॉगला लिहितो.” ऑडिटरांनी लॉगबुक मागवलं. त्यात तशी एक नोंद होती, वेळेसकट आणि सहीसकट. त्यांनी बॅच नंबर टिपून घेतला आणि त्या बॅचचा हार्डनेस रिपोर्ट बघायला आम्ही लॅबकडे निघालो.