भागीदारी फर्मची एलएलपी करताना आलेला माझा अनुभव

भोसरीत मेहुण्याबरोबर माझी कंट्रोल पॅनेल बनवण्याची भागीदारी फर्म होती. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे मेहुण्याने धंद्यासाठी माझ्या नकळत उधारीवर उचललेल्या तांब्याच्या बसबारचे पैसे थकले, तरी घेणेकरी माझ्या राहत्या घरापर्यंत येऊ शकत होता. खासगी कंपनीत भागधारकाची जबाबदारी शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरतीच राहते, परंतु उलाढाल कितीही लहान असली तरी ऑडिट करावेच लागते आणि संचालकांच्या बैठका व वार्षिक सभाही चुकत नाहीत. म्हणून 2017 च्या जून महिन्यात आम्ही 2008 च्या कायद्याखाली फर्मचे रूपांतर एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, केले.

या रचनेत भागीदार हा एलएलपीचा प्रतिनिधी असतो, दुसऱ्या भागीदाराचा नव्हे. त्यामुळे मेहुण्याच्या चुकीसाठी माझे घर जात नाही; मात्र माझ्या हातून घडलेल्या गैरकृत्याची जबाबदारी माझ्यावर राहतेच, आणि घेणेकऱ्यांना फसवण्याच्या हेतूने धंदा चालवला असेल, तर त्यात सामील असलेल्यांची जबाबदारी अमर्याद होते.

रूपांतरासाठी फॉर्म 17 भरताना सनदी लेखापालांनी प्रमाणित केलेले मालमत्ता व देण्यांचे विवरण जोडावे लागले, आणि तारण घेतलेल्या बँकेची लेखी संमतीही. सुमारे चार लाखांचे एक जुने देणे त्या विवरणात होते. एलएलपी झाल्यावर ते आता केवळ संस्थेचे, अशी माझी ठाम समजूत होती. परंतु पुरवठादाराची नोटीस एलएलपीबरोबरच आम्हा दोघांच्याही नावे आली. ती योग्यच होती, कारण रूपांतरापूर्वीच्या देण्यांना जुने भागीदार एलएलपीइतकेच व्यक्तिशः बांधील राहतात. भागीदाराने ते स्वतः फेडले, तर करारात वेगळे ठरले नसल्यास एलएलपीकडून भरपाई मागता येते, एवढाच दिलासा. बँकेने कॅश क्रेडिटच्या कागदांवर आमची वैयक्तिक हमी पुन्हा घेतली. त्या कर्जापुरते मर्यादित दायित्व उरलेच नाही.

अनुपालनाचा भार कंपनीपेक्षा खरोखर हलका आहे. उलाढाल 40 लाखांपेक्षा आणि भांडवली योगदान 25 लाखांपेक्षा जास्त नसेल, तर एलएलपी कायद्याखाली ऑडिट सक्तीचे नसते. चूक झाली ती तारखांत. फॉर्म 8, म्हणजे हिशेब व पतक्षमतेचे विवरण, 30 ऑक्टोबरपर्यंत द्यायचे असते आणि फॉर्म 11, म्हणजे वार्षिक विवरण, 30 मेपर्यंत. हिशेब पूर्ण झाल्याशिवाय फॉर्म 11 भरता येणार नाही, या समजुतीने आम्ही तो थांबवला. वास्तविक त्यात मुख्यतः भागीदारांचा आणि त्यांच्या योगदानाचाच तपशील असतो. 2018 साली तो 30 ऑगस्टला भरला. तेव्हा दिवसाला 100 रुपये विलंबशुल्क होते, त्यामुळे 92 दिवसांचे 9,200 रुपये मूळ शुल्काव्यतिरिक्त गेले. एप्रिल 2022 पासून शुल्काची पद्धत बदलली असली, तरी 30 मे ही तारीख कायम आहे, आणि आम्ही हा फॉर्म आता एप्रिलमध्येच भरतो.